क्लोझापिन चार दिवस चुकलंय, आज रात्री नेहमीची ३०० द्यायची का?

चैत्रपालवी (बुधवार, रात्री ८:१०)
जरा घाईत लिहितेय. माझा भाऊ, वय ३४, क्लोझापिनवर आहे, वर्षाच्या वर झालं, रोज रात्री ३०० मिलिग्राम म्हणजे १०० च्या तीन गोळ्या. बाकी सगळी औषधं करून झाल्यावर हेच एक लागू पडलं, आवाज जवळजवळ बंद झालेत, स्वतःहून आंघोळ करतो, माणसात बसतो. शनिवारी रात्री दहाला शेवटचा डोस गेला. रविवारी दुपारी उलट्या सुरू झाल्या, रात्रीची गोळीपण उलटून पडली, सोमवारी-मंगळवारी त्याने घेतलीच नाही. आज उलटी कमी आहे, दोनदाच झाली. डॉक्टरांचा फोन लागत नाहीये, क्लिनिक उद्या सकाळी उघडेल. आई म्हणते आधीच इतके दिवस बुडालेत, आज दिली नाही तर आजार उसळून येईल. मग आज नेहमीप्रमाणे ३०० देऊन टाकू ना?

टिटवी (८:१८)
चार दिवसांनी काही बिघडत नाही गं, आमच्याकडे तर एकदा पूर्ण आठवडा रक्त तपासायला द्यायचं राहिलं होतं, नंतर रिपोर्ट नॉर्मलच आला. फक्त रिपोर्ट आल्याशिवाय दुकानदार पुढच्या गोळ्या देत नव्हता तेवढा त्रास झाला.

चैत्रपालवी (८:२०)
रक्त नाही हो, गोळीच चुकलीय.

सहजसुचलं (८:२४)
पूर्ण देऊ नका. गॅप पडला की एकदम फुल डोस झेपत नाही, चक्कर येते. आज अर्धा द्या म्हणजे दीड गोळी, उद्या दोन, परवा तीन. आम्ही आईच्या बाकीच्या गोळ्यांचं असंच करतो आणि व्यवस्थित होतं.

रात्रपाळी (८:३३)
थांबा. ३०० नको आणि दीड गोळीपण नको. मी मनोरुग्ण विभागात बरीच वर्षं नर्स आहे, म्हणून ठासून सांगतेय.

सहजसुचलं यांचं अर्धं बरोबर आहे, पूर्ण डोस द्यायचा नाही हे खरं. पण क्लोझापिनला "अर्धा" म्हणजे कमी असं नसतं. शेवटच्या डोसपासून ४८ तास उलटले की हे औषध परत साडेबारा मिलिग्रामपासून सुरू करतात, दिवसातून एकदा किंवा फार तर दोनदा, जणू माणूस पहिल्यांदाच घेतोय. दीड गोळी म्हणजे त्याच्या बारापट झालं. कारण असं की हे औषध रक्तवाहिन्या सैल करतं, त्यामुळे बीपी पडतं, नाडी मंदावू शकते, झोप तर इतकी येते की माणूस उठत नाही. सुरुवातीला डोस हळूहळू वाढवतात तो याचसाठी, शरीराला सवय व्हायला वेळ द्यावा लागतो. ही सवय यायला दोनेक आठवडे लागतात आणि जायला दोनच दिवस पुरतात. मग तोच डोस जो तुमचा भाऊ महिनोन्महिने आरामात पचवत होता, तो दिला तर उठून उभा राहताना कोसळू शकतो, फिट येऊ शकते, क्वचित हृदय किंवा श्वास बंद पडल्याच्या घटनापण आहेत.

आणि आता यापेक्षा महत्त्वाचं. उलट्या कशाने झाल्या? त्याची संडास शेवटची कधी झाली? पोट फुगलंय का, दुखतंय का? हे आत्ता जाऊन बघा आणि लिहा.

कुंदा_मावशी (८:४१)
रात्रपाळी म्हणतायत ते अगदी खरं. आमच्या ह्यांना असंच झालेलं. लग्नाला बाहेरगावी गेलो, गोळ्यांची पिशवी घरी राहिली, तीन दिवसांनी परत आल्यावर मी आपली नेहमीच्या ३५० दिल्या. पहाटे बाथरूमला उठले आणि दारातच धाडकन पडले, कपाळाला सात टाके. बीपी ७० वर होतं म्हणे. तोपर्यंत आम्हाला कुणी हे सांगितलंच नव्हतं, गोळी चुकवू नका एवढंच सांगतात, चुकली तर काय करायचं ते नाही सांगत.

मुलाचा_बाप (८:४४)
माझ्या माहितीप्रमाणे उलट्या गोळी बंद केल्यामुळेपण होतात. क्लोझापिन एकदम थांबलं की घाम, मळमळ, जुलाब, डोकेदुखी असं सगळं येतं. तेच असेल.

रात्रपाळी (८:४७)
होतं तसं, बरोबर आहे. पण इथे क्रम बघा ना. शनिवारी रात्री डोस गेला आणि रविवारी दुपारी उलट्या सुरू, म्हणजे एकही डोस चुकलेला नसताना. गोळी चुकली म्हणून उलटी नाही, उलटी झाली म्हणून गोळी चुकली. म्हणूनच पोटाचं विचारतेय.

चैत्रपालवी (८:५५)
विचारलं. तो म्हणाला "होते की, कालच झाली". आईला खोदून विचारलं तर म्हणाली काल झाली ती नुसती पाण्यासारखी, चमचाभर, चड्डी खराब झाली. नीट अशी गेल्या गुरुवारी झाली असेल, तिलाही नक्की आठवत नाही. पोट फुगलंय हो, टीशर्ट वर केला तर ताणलेलं दिसतंय, हात लावू देत नाही. उलटीचा वास फार घाण आहे आज. ताप नाहीये, अंग गरम नाही लागत. अजून एक, महिन्यापूर्वी लाळ फार गळते म्हणून एक गोळी वाढवली होती, ट्रायहेक्सीफेनिडिल, दिवसातून दोनदा. तिचा काही संबंध आहे का?

रात्रपाळी (८:५८)
आहे, पण ते नंतर. चैत्रपालवी, आत्ता निघा. उद्या सकाळच्या क्लिनिकची वाट बघू नका, ज्या हॉस्पिटलात रात्री सर्जन असतो तिथल्या कॅज्युअल्टीत जा. पाण्यासारखी थोडीशी झाली ते जुलाब नाहीत, वर घट्ट मळ अडकलेला असतो आणि बाजूने पाणी झिरपतं. फुगलेलं पोट, दुर्गंधी उलटी, आठवडाभर नीट संडास नाही आणि वर क्लोझापिन, हे आतडं बंद पडल्याचं चित्र आहे.

दारातच सांगायचं: "हा क्लोझापिनवर आहे, सहा-सात दिवस शौच नाही, पोट फुगलंय, उलटीला मळासारखा वास आहे, आतडं बंद पडलंय का ते बघा." ह्याच शब्दांत. मानसिक आजार म्हटलं की काही ठिकाणी "घाबरलाय, गॅस झालाय" म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवतात, तसं होऊ देऊ नका, पोटाचा एक्स-रे मागा. आता तोंडाने काही देऊ नका, पाणीपण नको, जुलाबाचं औषध तर नकोच. सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि मागचे रक्ताचे रिपोर्ट सोबत घ्या.

सहजसुचलं (९:०२)
एवढं घाबरवताय कशाला, बद्धकोष्ठच आहे ना. इसबगोल कोमट पाण्यातून द्या, सकाळपर्यंत मोकळं होईल. रात्री कॅज्युअल्टीत नेलं तर मनोरुग्ण माणूस अजून बिथरेल.

खलबत्ता (९:०९)
मी फार्मासिस्ट आहे. इसबगोल इथे चुकूनही नाही. ते पाणी शोषून फुगतं आणि मळाचा आकार वाढवतं, मग आतडं तो गोळा पुढे ढकलतं अशी त्याची कल्पना. पण क्लोझापिनमध्ये ढकलणारं आतडंच झोपलेलं असतं. न्यूझीलंडमध्ये ह्या रुग्णांचं मोठं आतडं रिकामं व्हायला किती वेळ लागतो ते मोजलं होतं, क्लोझापिन न घेणाऱ्यांना साधारण २३ तास आणि घेणाऱ्यांना १०४ तास. म्हणजे ट्रॅफिक जाम आहे आणि तुम्ही मागून अजून ट्रक सोडताय. रोजच्या वापरालासुद्धा ह्या लोकांना इसबगोल देत नाहीत, आतडं हलवणारं औषध लागतं, सेना किंवा बिसाकोडिल, आणि जोडीला मळ मऊ करणारं, म्हणजे लॅक्ट्युलोज किंवा मॅक्रोगॉल. पण ते सगळं पोट मऊ असेल तेव्हा. आज तिच्या भावाला ह्यातलं काहीच नाही.

चैत्रपालवी (९:१२)
निघालो.

तळटीप (९:३०)
ती येईपर्यंत एक बोलू का. ह्या औषधाचं नाव काढलं की सगळे रक्त रक्त करतात, त्याला इतिहास आहे. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये क्लोझापिन घेणाऱ्या काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी संपल्या आणि त्यातले आठ जण जंतुसंसर्गाने गेले. त्यावर बऱ्याच ठिकाणी औषध मागे घेतलं गेलं. मग १९८८ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं की ज्यांना दुसरं काहीच लागू पडत नाही त्यांच्यावर हे चालतं, आणि दर आठवड्याला रक्त तपासायच्या अटीवर ते परत आलं. त्यामुळे रक्ताची शिस्त सगळीकडे बसली. पोटाची शिस्त मात्र कुणी बसवली नाही. अमेरिकेच्या एफडीएने बद्धकोष्ठतेबद्दलचा इशारा कडक केला तो थेट २०२० मध्ये.

रात्रपाळी (९:४१)
आणि आतड्यामुळे मरायचं प्रमाण आता रक्तापेक्षा जास्त आहे. रक्ताला तपासणी आहे, आकडा आहे, तारीख ठरलेली आहे. पोटाचं रुग्णाला विचारावं लागतं आणि रुग्ण "होते" म्हणतो. खोटं बोलत नसतो बरं का, त्याला खरंच कळत नाही, दुखणंपण कमी जाणवतं कितीतरी जणांना. म्हणून आमच्या वॉर्डात "झाली का" असं विचारतच नाही. शेवटची कुठल्या वारी झाली, किती झाली, खडे होते की मऊ, असं विचारतो आणि कागदावर लिहितो.

मुलाचा_बाप (१०:०५)
४८ तास कुठून मोजायचे हा घोळ माझ्या डोक्यात नेहमी असतो. समजा रविवारची रात्रीची राहिली आणि सोमवारी रात्री आठवलं, तर एकच डोस चुकला ना? मग चालू ठेवायचं की परत पहिल्यापासून?

खलबत्ता (१०:१४)
चुकलेल्या डोसपासून नाही, शेवटच्या *घेतलेल्या* डोसपासून मोजायचं. शनिवारी रात्री दहाला घेतली, रविवारची राहिली, तर सोमवारी रात्री दहाला ४८ तास भरले. डोस एकच चुकलाय पण तुम्ही अगदी रेषेवर आहात, तेव्हा तिथे स्वतःच्या मनाने नेहमीचा डोस द्यायचा नाही, आधी डॉक्टरांना फोन. तेच सोमवारी सकाळी लक्षात आलं तर ३६ तास झालेत, आत्ताच फोन करून रात्रीचं विचारून ठेवा. राहिलेली भरून काढायला दुप्पट द्यायची नाही, कधीच. जे दिवसातून दोनदा घेतात त्यांनापण तसंच, घड्याळ शेवटच्या पोटात गेलेल्या गोळीपासून. आणि उलटून पडलेली गोळी गेलीच नाही असं धरलेलं बरं.

चैत्रपालवी (गुरुवार, सकाळी ११:२०)
रात्रभर तिथेच होतो. पहिल्या डॉक्टरांनी खरंच गॅस म्हटलं, मी रात्रपाळींचं वाक्य जसंच्या तसं परत म्हटलं, मग एक्स-रे काढला. मोठं आतडं मळाने ठासून भरलंय आणि वर हवेने फुगलंय. फाटलेलं नाही, सर्जन म्हणाले अजून एक-दोन दिवस गेले असते तर सांगता आलं नसतं. नाकातून नळी घातलीय, त्यातून हिरवट-तपकिरी खूप निघालं, सलाईन चालू, दोनदा एनिमा दिला. ऑपरेशन सध्या तरी नाही, दर काही तासांनी पोट बघतायत. क्लोझापिन बंदच, आणि ती लाळेची गोळी तर कायमची बंद असं लिहिलंय. त्यांच्या सायकियाट्रिस्ट मॅडमपण येऊन गेल्या.

रात्रपाळी (११:३२)
बरं झालं. ती लाळेची गोळी आतड्याला नेमकं तेच करते जे क्लोझापिन करतं, म्हणजे दोघं मिळून ब्रेक दाबत होते. लाळ गळणं क्लोझापिनमध्ये फार असतं आणि त्यासाठी सर्रास ह्या गोळ्या जोडल्या जातात, मग महिन्याभरात पोट बसतं. सर्दीच्या, पोटात कळ येते त्याच्या काही गोळ्यापण ह्याच जातीच्या असतात. त्याला झोपवताना सतत कुणीतरी जवळ बसा, औषध नाही म्हणून पहिले काही दिवस झोप उडेल, चिडेल, जुनी लक्षणं डोकं वर काढतील, ते लपवू नका, मॅडमना सांगा.

चैत्रपालवी (शनिवार, दुपारी ४:०५)
नळी निघाली, पोट मऊ झालंय, काल दोनदा भरपूर झाली. मॅडम म्हणाल्या आज रात्रीपासून क्लोझापिन परत सुरू, साडेबाराने. म्हणजे शेवटच्या डोसला बरोबर आठवडा होतोय. घरी सगळ्या १०० च्याच गोळ्या आहेत, त्याचे आठ तुकडे कसे करायचे? आणि भाऊ कालपासून कुणाशी तरी बोलतोय हळू आवाजात, मला वाटतं आवाज परत आलेत. इतक्या कमी डोसने तो किती दिवस असा राहणार, पटकन वाढवता नाही का येणार?

खलबत्ता (४:१८)
१०० चे तुकडे अजिबात करू नका, चुरा होतो आणि एका तुकड्यात किती गेलं कळत नाही. २५ ची गोळी मिळते, मधे रेघ असते, तिची अर्धी म्हणजे साडेबारा. डॉक्टरांकडून २५ च्या गोळ्या लिहून घ्या. आणि घरातल्या १०० च्या कपाटात कुलूपबंद ठेवा, म्हणजे सवयीने तीन काढून हातावर ठेवल्या असं व्हायला नको.

रात्रपाळी (४:४०)
वाढवता येतं, आणि जुन्या रुग्णाला पहिल्या वेळेपेक्षा जरा लवकर वाढवतात, कारण त्याला हे औषध झेपतं हे माहीत असतं. पण ते मॅडम ठरवणार, आणि रोजचं बीपी बघून ठरवणार. आमच्याकडे साधारण असं असतं: आज रात्री साडेबारा. झोपून बीपी घेतो, मग उभं करून घेतो, नाडी बघतो. खाली नाही घसरलं, उभं राहून गरगरलं नाही तर उद्या सकाळी साडेबारा आणि रात्री साडेबारा. परवा २५ आणि २५. मग रोज २५ ते ५० ने वर. मधे एखाद्या दिवशी बीपी पडलं, नाडी फार पळायला लागली किंवा हाक मारून उठत नसेल तर त्याच पायरीवर थांबतो. असं करत दहा-बारा दिवसांत ३०० च्या आसपास पोचतो. तुमच्या भावाच्या बाबतीत आतड्याचंपण बघायचंय, प्रत्येक पायरीला रोज संडास होतेय ना हे बघूनच पुढची पायरी. कदाचित मॅडम पूर्ण ३०० पर्यंत नेणारही नाहीत, रक्तातली औषधाची पातळी तपासून आधीच थांबतील. आवाज आलेत ते त्यांना सांगा, मधल्या काळापुरतं दुसरं काही द्यायचं का ते बघतील.

चैत्रपालवी (५:०२)
अजून एक, मग पुरे. रक्त. इथे बुधवारी रात्री काढलं त्यात पांढऱ्या पेशी १४,२०० आल्या, न्यूट्रोफिल ८२ टक्के. तेव्हा ज्युनियर डॉक्टर म्हणाले पेशी भरपूर आहेत, रक्ताची काळजी नाही. पण मी गेल्या महिन्याचा रिपोर्ट शोधला, त्यात एकूण ४,९०० आणि न्यूट्रोफिल ३८ टक्के, त्यापुढे लॅबने "कमी" असा शेरा मारलाय. तेव्हा कुणीच काही बोललं नव्हतं. हे घाबरण्यासारखं होतं का?

टिटवी (५:१०)
३८ म्हणजे फारच कमी, आमच्या भाचीचे ६० असतात नेहमी. मी असते तर औषध थांबवलं असतं.

खलबत्ता (५:२१)
टिटवी, टक्क्यांवर जायचं नाही. क्लोझापिनमध्ये बघतात ती न्यूट्रोफिलची खरी संख्या, ज्याला रिपोर्टवर एएनसी लिहितात, आणि बऱ्याच लॅब ती छापतच नाहीत, आपल्याला काढावी लागते. एकूण पेशी गुणिले टक्के. ४,९०० चे ३८ टक्के म्हणजे १,८६२. उलटं उदाहरण घ्या, टक्के ६० पण एकूण पेशी २,२०० असल्या तर १,३२० होतात, म्हणजे दिसायला छान टक्के असलेला रिपोर्ट जास्त काळजीचा. आणि बुधवारचे ११,६०० च्या वर भरतात, ते आजारपणामुळे, शरीरावर ताण आल्यावर पेशी वाढतातच. तो आकडा "रक्त ठीक आहे" म्हणून धरायचा नाही, आठवड्याने शांतपणे परत काढायचा.

चैत्रपालवी (५:२५)
मग १,८६२ चांगले की वाईट?

रात्रपाळी (५:३८)
कुठला तक्ता तुमचे डॉक्टर वापरतात त्यावर आहे, खरंच. अमेरिकेच्या तक्त्यात १,५०० च्या वर म्हणजे ठीक, चालू ठेवा. १,००० ते १,५०० च्या मधे आलं तर औषध चालू पण आठवड्यातून तीनदा रक्त, १,००० च्या खाली गेलं की औषध बंद आणि रोज रक्त, ५०० च्या खाली म्हणजे खरा धोका. ब्रिटनच्या तक्त्यात मात्र २,००० च्या खाली आलं की पिवळा कंदील, आठवड्यातून दोनदा रक्त, आणि १,५०० च्या खाली थेट लाल, बंद. म्हणजे तुमचा रिपोर्ट एका ठिकाणी हिरवा आणि दुसऱ्या ठिकाणी पिवळा. मी ब्रिटनच्या पद्धतीत शिकलेली, त्यामुळे मी असते तर त्याच आठवड्यात परत काढलं असतं. मॅडमना नेमकं हेच विचारा.

तळटीप (५:५०)
त्यात अजून एक भर, काही लोकांचे न्यूट्रोफिल जन्मतःच कमी असतात, त्यांना काही होत नाही, त्यांच्यासाठी तक्ता वेगळा असतो. म्हणून औषध सुरू करण्याआधीचा रिपोर्ट जपून ठेवायला हवा. शिवाय सकाळी लवकर काढलं तर आकडा कमी येतो, दुपारी काढलं तर वाढतो.

मुलाचा_बाप (६:१५)
माझं स्पष्ट मत, एवढं रक्त काढत बसायची गरज नाही. मुलगा सहा वर्षं क्लोझापिनवर आहे, महिन्याला एकदा रक्त, एकदाही गडबड नाही. २०२५ मध्ये अमेरिकेने तर ती सक्तीची नोंदणीच काढून टाकली, रिपोर्ट नाही तर गोळी नाही ही अट गेली. मग आपणच का रक्त देत बसायचं?

रात्रपाळी (६:३१)
सहा वर्षांनी धोका खूप कमी असतो हे मान्य. पेशी कोसळायच्या घटना बहुतेक पहिल्या १८ आठवड्यांत होतात, म्हणून तेव्हा दर आठवड्याला, पुढे दोन आठवड्यांनी किंवा महिन्याने, देशागणिक वेगळं. अमेरिकेने नोंदणीची सक्ती काढली पण तपासणीची शिफारस काढलेली नाही, औषधाच्या माहितीपत्रकात ती आहे. वर्षानुवर्षं नॉर्मल असलेल्याला महिन्याला हवं की तीन महिन्यांनी चालेल ह्यावर डॉक्टरांमध्येच वाद आहे, त्यात मी पडत नाही. एक गोष्ट मात्र वेळापत्रकाच्या बाहेरची: ताप, घसा दुखणं, तोंडात फोड आले तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी रक्त. आणि औषध सुरू करून पहिलाच महिना असेल तर तापाला हृदयपण तपासायचं, सूज येऊ शकते.

चैत्रपालवी (६:४४)
आमचा तर आता आठवड्याचा गॅप पडला, मग परत दर आठवड्याला रक्त?

खलबत्ता (७:००)
इथेपण दोन मतं. अमेरिकेत ३० दिवसांच्या आत परत सुरू केलं तर आधीचंच वेळापत्रक पुढे चालू. ब्रिटनमध्ये तीन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर काही आठवडे दर आठवड्याला, आणि चार आठवड्यांच्या वर गेला तर अगदी नव्याने १८ आठवडे. गोळीचा डोस मात्र दोन्हीकडे ४८ तासांनंतर खालूनच, त्यात मतभेद नाही. दोन घड्याळं वेगळी आहेत, मिसळू नका.

चैत्रपालवी (७:२०)
मॅडमनी सहा आठवडे दर आठवड्याला लिहिलंय. ठीक आहे, देऊ. घरी जाताना सेनाच्या गोळ्या आणि लॅक्ट्युलोज रोजचं दिलंय, कायम, संडास होत असली तरी. लाळेला काय करायचं ते अजून कुणी सांगितलं नाही, उशी पूर्ण भिजते त्याची आणि त्याला त्याचीच लाज वाटते.

कुंदा_मावशी (७:३५)
आमचे कुशीवर झोपतात आणि उशीवर जाड टॉवेल, रोज बदलायचा. दुसरं काही मिळालं नाही आम्हाला. गोळ्या नको म्हटलं ह्या सगळ्यानंतर.

मुलाचा_बाप (रविवार, सकाळी ९:५०)
काल रात्री मुलाला विचारलं, रात्रपाळी म्हणतात तसं, वार विचारला. बुधवार म्हणाला. त्याआधीची आठवेना. म्हणजे चार-पाच दिवसांनी एकदा आणि खडे, आणि हे बरीच वर्षं असंच आहे म्हणे. पोट मऊ आहे, जेवतोय, उलटी नाही. आत्ता कॅज्युअल्टीत न्यायला हवं का? आणि त्याने गेल्या सोमवारपासून सिगारेट बंद केलीय, दिवसाला वीस ओढायचा, आम्ही सगळे खूश आहोत, ते पण डॉक्टरांना सांगू का?

रात्रपाळी (१०:०८)
पोट मऊ, दुखत नाही, उलटी नाही, तर आत्ता कॅज्युअल्टीची धावपळ नको. पण उद्या डॉक्टरांना फोन, रोजचं रेचक सुरू करायला, आणि दुखायला किंवा फुगायला लागलं की मग थांबायचं नाही. सिगारेटचं मात्र आजच कळवा, उद्यावर टाकू नका. सिगारेटच्या धुरामुळे यकृत क्लोझापिन भराभर जाळतं, निकोटिनमुळे नाही, धुरामुळे, म्हणून निकोटिनच्या गोळ्या घेतल्या तरी फरक पडत नाही. वीस ओढणाऱ्याने सोडली की आठवड्याभरात तोच डोस रक्तात दीडपट किंवा त्याहून जास्त चढू शकतो. मग जास्त झोप, जास्त लाळ, फिट येण्याचा धोका, आणि आतडं अजून मंद. डॉक्टर रक्तातली पातळी बघतील आणि डोस कमी करतील. तुम्ही स्वतः कमी करू नका, बंद तर करूच नका. किती ओढायचा आणि कुठल्या तारखेला सोडली ते नेमकं सांगा.

मुलाचा_बाप (१०:१५)
दोन दिवस जास्त झोपतोय खरा. मी म्हटलं सिगारेट सोडली म्हणून आळसावलाय. लावतो फोन.